पेरणीच्या सकाळी सेल्फ फिरला नाही तेव्हा

जून महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सलग दोन रात्री चांगला पाऊस झाला आणि त्यानंतरचा दिवस कोरडा गेला. आमची जमीन सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, वावीच्या पुढे आहे. या पट्ट्यात पाऊस मुळातच कमी पडतो आणि आमची जमीन हलकी आहे, त्यामुळे वापसा आला तरी तो काळ्या रानासारखा टिकून राहत नाही. त्या सकाळी मी रानातली माती मुठीत दाबून पाहिली. तिचा गोळा होत होता आणि अंगठ्याने दाबल्यावर तो फुटत होता. चार एकर सोयाबीन त्याच दिवशी पेरायचे, हे त्या गोळ्याने ठरवले. आई आणि पत्नी यांनी एकशेवीस किलो बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळून ते पडवीत सावलीला पसरले. असे बियाणे त्याच दिवशी जमिनीत गेले पाहिजे, कारण जिवाणू फार वेळ तग धरत नाहीत आणि ऊन लागले तर लवकर मरतात.

पेरणी यंत्र जोडण्यासाठी मी ट्रॅक्टरवर बसलो, गियर न्यूट्रल केला, क्लच दाबला आणि चावी फिरवली. सेल्फमधून ‘टक’ असा एकच आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे विझले. चावी सोडल्यावर दिवे पुन्हा लागले. मी आणखी तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तसेच घडले. मशागत संपल्यापासून ट्रॅक्टर साडेतीन आठवडे शेडमध्येच उभा होता, त्यामुळे बॅटरी उतरली असेल असा माझा पहिला समज झाला. बॅटरीला अडीच वर्षे झाली होती. आमच्याकडे इतक्या वयाच्या बॅटरीवर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही.

बॉनेट उघडल्यावर माझा समज आणखी पक्का झाला, कारण पॉझिटिव्ह टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी साचलेली दिसली. मी तांब्याभर गरम पाणी त्यावर ओतले, भुकटी वाहून गेली, पान्याने बोल्ट आवळला आणि पुन्हा चावी फिरवली. पुन्हा ‘टक’ आणि अंधार. शेजारच्या वस्तीवरचा माणूस म्हणाला की सिन्नरला जाऊन नवी बॅटरीच घेऊन या, दुपारपर्यंत परत याल. पुतण्याने मोठा स्क्रूड्रायव्हर आणला आणि सेल्फवरचे दोन जाड बोल्ट त्याने जोडून पाहू असे तो म्हणाला. दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलावून दोराने ओढून चालू करावा, हाही एक विचार माझ्या मनात होता.

नेमके त्या वेळी नाना आले. नाना माझे आतेभाऊ, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांनी एसटीच्या कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी केली आहे. त्यांनी प्रथम पुतण्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

“तसे सेल्फला थेट जोडले की क्लचचा आणि न्यूट्रलचा सुरक्षा स्विच बाजूलाच राहतो,” ते म्हणाले. “गियर पडलेला असला तर ट्रॅक्टर जागेवरून उडी घेतो, आणि स्क्रूड्रायव्हर धरणारा माणूस नेमका मागच्या चाकाच्या पुढे उभा असतो. अशी माणसे चाकाखाली गेलेली आहेत. पुन्हा हे करू नकोस.”

मग ते माझ्याकडे वळले. “बॅटरी गेली, असे तू कशावरून म्हणतोस?”

“नाना, सेल्फ मारला की दिवेसुद्धा जातात. बॅटरीत दम असता तर गेले असते का?”

“बॅटरीत दम असेल आणि तो बाहेर पडत नसेल, तरीही दिवे जातील. या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. आधी त्या वेगळ्या करू.”

त्यांनी मला हेडलाइट लावायला सांगितले. दिवे लागले, पण थोडे पिवळट होते. ‘टक’ आवाज येतो, म्हणजे चावीपासून सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंतचा मार्ग आणि सुरक्षा स्विच ठीक आहेत, हे त्यांनी आधीच मनात धरले होते. तो स्विच बिघडला असता तर आवाजच आला नसता आणि चावी फिरवूनही हेडलाइट तसेच जळत राहिले असते. बॅटरी नुसती उतरलेली असती तर सेल्फ मारताना दिवे हळूहळू मंद झाले असते, किंवा सेल्फने रडत रडत अर्धा फेरा तरी घेतला असता. आमच्या ट्रॅक्टरचे दिवे मात्र एकदम विझत होते आणि चावी सोडताच तेवढ्याच तेजाने परत लागत होते. नानांच्या मते ही खूण बॅटरीपेक्षा जोडाकडे जास्त बोट दाखवते. मात्र ती केवळ खूण आहे, पुरावा नव्हे, असेही त्यांनी सांगितले आणि पिशवीतून मल्टिमीटर काढला.

पुढची दहा मिनिटे मला सर्वांत जास्त शिकवून गेली. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून नानांनी लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि काळे टोक निगेटिव्ह खांबावर टेकवले. खांब म्हणजे बॅटरीतून वर आलेला शिशाचा गोल दांडा. त्याला कवटाळून बसणारी आणि केबलला जोडलेली जी कडी असते, तिला आपण टर्मिनल म्हणतो. मीटर खांबावरच टेकले पाहिजे, टर्मिनलवर नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष होता. आकडा १२.४ आला. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी काही तास विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी उरलेली आणि १२.० च्या खाली गेलेली बॅटरी जवळपास रिकामी समजावी. म्हणजे आमची बॅटरी काठोकाठ भरलेली नव्हती, पण रिकामी तर मुळीच नव्हती.

तथापि, विश्रांतीतला आकडा एकटा पुरेसा नसतो, कारण आतून खराब झालेली बॅटरीही रिकाम्या हाती चांगला आकडा दाखवते आणि ओझे पडले की कोसळते. म्हणून नानांनी स्टॉपरची दांडी ओढून ठेवायला सांगितली, जेणेकरून इंजिनाला डिझेल मिळणार नाही आणि ते अचानक चालू होणार नाही. मग मी चावी फिरवली आणि त्यांनी खांबांवरचा आकडा वाचला. तो १२.१ होता. त्यांनी तेच टोक दोन्ही टर्मिनलांवर टेकवले, मी पुन्हा चावी फिरवली, आणि आकडा जेमतेम ४ वर आला.

मी त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिलो. खांब आणि टर्मिनल एकमेकांना टेकलेले आहेत, त्यांच्यात डोळ्यांना अंतर दिसत नाही, आणि तरीही खांबावर १२.१ असलेला दाब टर्मिनलवर येईपर्यंत ४ उरत होता. आठ व्होल्ट मधल्यामध्ये नाहीसे होत होते. बॅटरीचा स्वतःचा आकडा १२.१ च्या खाली न जाणे, हाही एक पुरावाच होता. सेल्फ नीट ओढत असता तर बॅटरीवर मोठा भार पडून तो १० ते ११ च्या आसपास आला असता. तो खाली आला नाही, याचा अर्थ सेल्फपर्यंत पुरेसा प्रवाह पोचतच नव्हता.

आता प्रश्न उरला की गळती कोणत्या बाजूला आहे. माझा सगळा संशय पॉझिटिव्हवर होता, कारण भुकटी तिथे साचलेली होती. नानांनी मीटरचे एक टोक पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरे त्याच बाजूच्या टर्मिनलवर ठेवले. चावी फिरवल्यावर ०.४ आले. हा आकडा ०.२ च्या आत असायला हवा, म्हणजे ती बाजू मळलेली होती, पण ट्रॅक्टर अडवण्याइतकी नव्हती. मग तेच निगेटिव्ह बाजूला केले आणि आकडा ७.७ आला. ४ सेल्फच्या वाट्याला, ०.४ पॉझिटिव्ह जोडात, ७.७ निगेटिव्ह जोडात, सगळे मिळून बरोबर १२.१. बाहेरून स्वच्छ दिसणारा, ज्याला मी सकाळपासून हातही लावला नव्हता, तोच जोड चोर निघाला. नानांनी त्यावर बोट ठेवून मलाही ठेवायला लावले. एवढ्या प्रयत्नांनंतर ते टर्मिनल चांगलेच कोमट झाले होते, कारण जोडात अडलेली वीज तिथेच उष्णता होऊन बसते.

मग त्याच जोडातून हेडलाइट कसे जळत होते, असे मी विचारले. नानांनी हिशेब सांगितला. दोन हेडलाइट मिळून साधारण ९ अँपिअर घेतात आणि सेल्फला इंजिन फिरवताना २०० किंवा त्याहून जास्त अँपिअर लागतात. जोडात एका ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा धरला, तर दिव्यांच्या प्रवाहाने तिथे ०.०९ व्होल्ट वाया जातात, जे कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पण सेल्फच्या २०० अँपिअरने त्याच अडथळ्यात २ व्होल्ट जातात. आमच्या जोडातला अडथळा त्याच्या कितीतरी पट होता, म्हणून दिवेसुद्धा पिवळट दिसत होते. दिवे लागतात म्हणजे जोड चांगला आहे, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो, ते चुकीचे होते.

टर्मिनल काढायला घेतल्यावर नानांनी मला हातातले कडे आणि घड्याळ काढून ठेवायला लावले. आधी निगेटिव्ह सोडायचा आणि बसवताना तो सर्वांत शेवटी बसवायचा. या क्रमाचे कारण साधे आहे. ट्रॅक्टरचा सारा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो, त्यामुळे निगेटिव्ह लागलेला असताना पॉझिटिव्हवर पाना फिरवला आणि पान्याचे दुसरे टोक बॉनेटला किंवा इंजिनाला टेकले, तर सरळ शॉर्टसर्किट होते. पाना लाल होतो, ठिणग्या उडतात, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघालेला हायड्रोजन आसपास साचलेला असेल तर बॅटरी फुटूही शकते. निगेटिव्ह आधी सोडला की हा धोका राहत नाही.

बोल्ट सैल करून मी टर्मिनल हलवले आणि ते न पिळता, अलगद वर आले. त्याच्याबरोबर एक गंजलेला खिळा खाली पडला.

तो खिळा मीच घातलेला होता. डिसेंबरमध्ये निगेटिव्ह टर्मिनल तुटल्यावर मी एका दुकानातून नवे आणले होते. ते खांबावर ढिले बसत होते, बोल्ट पूर्ण आवळूनही हाताने फिरत होते, म्हणून मी खांब आणि टर्मिनल यांच्यामध्ये खिळ्याचा तुकडा ठोकून ते घट्ट केले. आमच्या शिवारात हा उपाय सर्रास करतात. नानांनी ते टर्मिनल उचलून पॉझिटिव्ह खांबावर ठेवून पाहिले, आणि ते तिथे अगदी बरोबर बसले. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब मुद्दामच निगेटिव्हपेक्षा दीडेक मिलिमीटर जाड केलेला असतो, म्हणजे केबल उलटसुलट लागू नये. दुकानातून मला पॉझिटिव्हचे टर्मिनल मिळाले होते आणि मीही ते पारखून घेतले नव्हते.

खिळ्याने जोड घट्ट वाटत होता, पण खांबाच्या सगळ्या बाजूने शिसे शिशाला चिकटण्याऐवजी ते दोन-तीन रेषांवरच टेकत होते, आणि त्यातली एक रेष तर लोखंडाची होती. बॅटरीच्या आम्लाच्या वाफेत लोखंड गंजले, नांगरटीच्या हादऱ्यांनी फट वाढली, साडेतीन आठवडे उभ्या ट्रॅक्टरवर दमट हवा बसली आणि उरल्यासुरल्या रेषांवरही काळपट थर धरला. टर्मिनलच्या आतल्या बाजूला तो थर मला स्पष्ट दिसला. वरून गरम पाणी ओतून किंवा बोल्ट आवळून तो कधीच निघाला नसता.

ट्रॅक्टर ओढून चालू करण्याचा माझा विचार किती महागात पडला असता, हेही नानांनी त्याच वेळी समजावले. इंजिन चालू झाले असते, पण रानात हादऱ्याने हे टर्मिनल क्षणभर सुटले की ऑल्टरनेटरचा दाब एकदम उसळतो, कारण तो सामावून घेणारी बॅटरी जागेवर नसते, आणि त्यात ऑल्टरनेटरचा रेग्युलेटर जळू शकतो. नव्या बॅटरीनेही काही साधले नसते. तीच कडी, तोच खिळा नव्या खांबावर बसला असता.

साफसफाई आम्ही घरातल्याच वस्तूंनी केली. बॅटरीची सगळी झाकणे घट्ट असल्याची खात्री करून घेतली, कारण सोडा आत गेला तर तो आतले आम्ल मारतो. तांब्याभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून ते पाणी खांबांवर आणि टर्मिनलांवर ओतले. फेस आला, आणि तो येणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा ओतले. मग साध्या पाण्याने धुऊन फडक्याने कोरडे केले. खांबाची बाहेरची बाजू आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरने घासून शिसे चांदीसारखे चमकेपर्यंत उजळले. टर्मिनल खांबावरून निघत नसेल तर हातोडी मारू नये, तोंड थोडे फाकवून ते पिळत वर घ्यावे, असे नानांनी पॉझिटिव्ह बाजू काढताना दाखवले, कारण हातोडीने खांब झाकणातून हलतो आणि तिथून आम्ल पाझरू लागते.

मोठ्या मापाचे टर्मिनल बारीक खांबावर कसे बसवायचे, हा प्रश्न राहिला. सिन्नरला जाऊन येण्यात वेळ गेला असता. बोल्ट आवळूनही कडी घट्ट होत नव्हती, कारण तिच्या तोंडाच्या दोन्ही पाकळ्या एकमेकींना टेकत होत्या आणि त्यापुढे ती मिटूच शकत नव्हती. नानांनी ते तोंड हॅकसॉने कापून चारपाच मिलिमीटर रुंद केले. शिसे मऊ असल्याने ते काम पाच मिनिटांत झाले. आता बोल्ट आवळल्यावर कडी खांबाला सर्व बाजूंनी मिठी मारून बसली. हा उपाय एका हंगामापुरता असून योग्य मापाचे टर्मिनल आणावेच लागेल, हे त्यांनी बजावले.

पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह नंतर बसवून आम्ही दोन्ही हाताने फिरवून पाहिले. एकही हलले नाही. सर्व जोडल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप दिला. स्टॉपर ओढलेला ठेवून पुन्हा चावी फिरवली, तेव्हा इंजिन घरघर फिरले. निगेटिव्ह जोडात ०.१ व्होल्ट, पॉझिटिव्हमध्येही तेवढेच, आणि खांबांवर १०.३. सेल्फ फिरत असताना हा आकडा ९.६ च्या खाली गेला असता तर बॅटरीवर संशय घ्यावा लागला असता. निगेटिव्ह केबलचे दुसरे टोक इंजिनाच्या अंगाला जिथे बोल्टने बसते, तो जोडही नानांनी तपासला. निगेटिव्ह खांब ते इंजिनाचे मोकळे लोखंड, या अंतरात ०.२ आले. चिखलाने आणि गंजाने भरलेला हा बोल्ट बऱ्याचदा तसाच राहून जातो आणि टर्मिनल स्वच्छ करूनही सेल्फ आळशी फिरत राहतो.

स्टॉपर आत ढकलून चावी फिरवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यालाच इंजिन पेटले. थोडा वेग देऊन मीटर खांबांवर लावले, तेव्हा १४.१ आले, म्हणजे ऑल्टरनेटर बॅटरी भरत होता. सव्वादहाला पेरणी यंत्र रानात उतरले. सूर्य मावळायला तास-दीड तास असताना चार एकर पेरून झाले आणि पडवीतले बियाणे संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बॅटरी रात्रभर स्वस्थ राहिल्यानंतर, नानांनी हायड्रोमीटरने सहाही खान्यांतल्या आम्लमिश्रित पाण्याची घनता तपासली. पाच खान्यांत १.२४० आणि एकात १.२३० आले. भरलेल्या बॅटरीत हा आकडा उष्ण प्रदेशात साधारण १.२४० ते १.२६० असतो, पण नानांचे लक्ष खान्यांमधील फरकावर होते. एखादा खाना इतरांपेक्षा ०.०५० ने मागे पडला असता तर तो खाना गेला असे समजून बॅटरी बदलावी लागली असती. दोन खान्यांत पाणी कमी होते. ते मापन झाल्यानंतरच आम्ही घातले, कारण आधी घातले तर वर वर राहिलेले पाणी खोटा आकडा दाखवते. प्लेटांच्या वर बोटाच्या एका पेराच्या निम्मे, एवढेच डिस्टिल्ड पाणी घातले. विहिरीचे पाणी घालू नये, कारण त्यातले क्षार प्लेटा खातात.

त्याच दिवशी मी सिन्नरला जाऊन निगेटिव्हचे टर्मिनल घेऊन आलो. दुकानात मोजायला मी खांबाच्या घेराइतका कागदाचा वेढा कापून नेला होता. दुकानदाराने पुढे केलेले पहिले टर्मिनल त्या वेढ्यावर ढिले बसले, ते मी परत केले आणि दुसरे घेतले.